‘आपण’ आणि बांध : यू-रुइच्या सीमाकथेचे एक वाचन

१

शेताच्या हद्दीवरून भांडणारे दोन शेजारी अखेर जिंकण्यापेक्षा सोडून देणे पसंत करतात, या आशयाची कथा सांगण्यास सोपी आणि पटवून देण्यास अत्यंत कठीण असते. शेवट गोड असला की कथा बोधकथेच्या पातळीवर उतरते. शेवट कडू केला की मूळ विषयच हातचा जातो. या पेचातून एका अतिप्राचीन कथेने जी वाट काढली तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ही कथा चिनी आहे. तिचे एक रूप सिमा छ्येन याने इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या ‘शीजी’ या इतिहासग्रंथात आढळते. दुसरे रूप ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहावरील माओ-परंपरेच्या भाष्यात येते.

कथेकडे वळण्यापूर्वी बांधाच्या भांडणाचे स्वरूप लक्षात घेणे इष्ट ठरेल. मराठीत ‘बांध कोरणे’ असा वाक्प्रयोग रूढ आहे. बांध कोणी एका दिवसात फोडून नेत नाही. नांगर धरणारा दरवर्षी एक तास बांधाच्या अंगाला सरकवितो, एवढेच. बांधाची लांबी शंभर मीटर आणि एका तासाची रुंदी सुमारे पंधरा सेंटिमीटर धरली, तर एका वर्षात पंधरा चौरस मीटर जमीन इकडची तिकडे जाते. सात वर्षांत ती एकशे पाच चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याहून किंचित अधिक होते. हेक्टरी पंचवीस क्विंटल उतारा धरल्यास त्या गुंठ्यात पंचवीस किलो भात पिकेल. पंचवीस किलो भातासाठी दोन घरे दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, हे बाहेरच्याला हास्यास्पद वाटते. आतल्याला ते तसे वाटत नाही, कारण त्याच्या लेखी प्रश्न भाताचा नसून पुढल्या वर्षीच्या तासाचा असतो. आज गप्प बसलो तर शेजारी आणखी सरकेल, हे भय या भांडणाचे खरे बीज आहे.

यावरून या कथाविषयाची कसोटीही हाती येते. दोघे शेतकरी उदार झाले एवढे सांगून कथा संपत नाही. पुढल्या पावसाळ्यात त्या पट्टीवर नांगर कोणाचा चालला, याचे उत्तर तिने दिले पाहिजे. निदान ते उत्तर का देता येत नाही, हे तरी वाचकाला जाणवून दिले पाहिजे.

२

‘शीजी’तील कथा मूळ चिनी लिपीत सुमारे ऐंशी अक्षरांची आहे. चौ राज्याचा अधिपती, जो पुढे वेन राजा या नावाने पूज्य ठरला, तो गाजावाजा न करता सदाचरण करीत असे, आणि आसपासचे सत्ताधीश आपले तंटे त्याच्याकडे निवाड्यासाठी आणीत. यू आणि रुइ या दोन शेजारी राज्यांतील लोकांचा एक दावा काही केल्या मिटेना. तेव्हा ते चौ राज्याकडे निघाले. हद्द ओलांडून आत येतात तो त्यांना दिसले की, तेथील नांगरणारे शेताचा काठ एकमेकांस सोडून देत आहेत, आणि तेथे वडीलधाऱ्यांना मान देण्याची रीत आहे. वादी-प्रतिवादी अधिपतीला भेटलेही नाहीत. त्यांना लाज वाटली. ज्यासाठी भांडण चालले आहे त्याची येथल्या माणसांना शरम वाटते, मग पुढे जाऊन अपमानच पदरी पडायचा, असे ते एकमेकांस म्हणाले. ते माघारी फिरले, आणि दोघांनीही सोडून देऊन आपापली वाट धरली.

माओ भाष्यातील रूप अधिक विस्तृत आहे. तेथे भांडणारे सामान्य लोक नसून दोन्ही राज्यांचे अधिपती आहेत, आणि वाद जमिनीचा आहे हे स्पष्ट सांगितले आहे. ते चौच्या हद्दीत येतात तेव्हा नांगरणारे बांध सोडीत आहेत आणि वाटसरू वाट सोडीत आहेत. नगरात पिकल्या केसांच्या माणसाला ओझे वाहावे लागत नाही. दरबारात अधिकारी वरची जागा एकमेकांस देऊ करीत आहेत. हे पाहून दोघे अधिपती परततात, आणि वादातील जमीन पडीक, कोणाचीच नसलेली जमीन म्हणून मोकळी सोडतात.

दोन्ही रूपे शेजारी ठेवली असता ‘शीजी’च्या निवेदनातील एक गोष्ट तत्काळ नजरेत भरते. तेथे दावा कशाचा, हे सांगितलेलेच नाही. नुसता ‘दावा’ असा शब्द आहे. तो जमिनीचा असावा हे वाचकाला कळते ते नांगरणाऱ्यांच्या दृश्यावरून. त्या दृश्याने भांडणाऱ्यांना लाज वाटली, त्या अर्थी भांडण याच जातीचे असले पाहिजे, असे अनुमान वाचक करतो. भांडणाचा विषय भांडणाऱ्यांच्या तोंडून न सांगता, न भांडणाऱ्यांच्या कृतीतून सांगणे ही या रूपाची मोठी शक्ती होय. माओ भाष्यात सर्व काही सांगितले आहे, आणि शेतातून नगरात व नगरातून दरबारात नेणारी दृश्यांची चढती माळ ओवली आहे. बोधासाठी ती उपयुक्त आहे; परंतु शेताच्या काठाचे पहिले दृश्य मनात मुरण्यापूर्वीच दुसरे येते, आणि मग काठ हा अनेक उदाहरणांपैकी एक होऊन बसतो.

३

या कथेतील न्यायाधीश कोणाला भेटत नाही, ही बाबही विचारात घेण्याजोगी आहे. तिचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून एका आधुनिक कथेशी तुलना करू. इंग्रज लेखक साकी याची ‘द इंटरलोपर्स’ ही कथा १९१९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. तीत कार्पेथियन पर्वतातील जंगलाच्या एका अरुंद पट्टीवरून दोन घराण्यांचे वैर आहे. तेथे निवाडा झालेला आहे. आजोबांच्या काळात न्यायालयाने पट्टी एका घराण्यास दिली, दुसऱ्याने तो निकाल कधीच मानला नाही, आणि वैर नातवांपर्यंत उतरले. एका वादळी रात्री ते दोघे नातू एकाच कोसळलेल्या झाडाखाली सापडतात. एक जण दुसऱ्याला आपल्याजवळचे मद्य देऊ करतो आणि मैत्रीची भाषा बोलतो. काही वेळाने दुसराही वितळतो. पण त्यांच्या हाकांना ओ देऊन येतात ते लांडगे.

साकीच्या कथेत निकाल आहे आणि शांतता नाही. चिनी कथेत निकाल नाही आणि शांतता आहे. निकालाने जमिनीचा प्रश्न सुटतो, परंतु हरलेला माणूस हरलेलाच राहतो, ही जाण दोन्ही कथांच्या मुळाशी आहे. फरक उदारतेच्या किंमतीत आहे. साकीच्या दोघांपुढे मृत्यू उभा आहे. झाडाखाली चिरडलेल्या माणसाला जंगलाची पट्टी सोडणे जड नाही, आणि ते दोघे जिवंत सुटते तर सकाळी काय झाले असते, या प्रश्नातून लांडग्यांनी लेखकाची सुटका केली आहे. यू आणि रुइच्या माणसांवर असे कोणतेच संकट नाही. ते धडधाकट आहेत, खटला चालविण्याइतके समर्थ आहेत, आणि घरी परतल्यावर त्यांना तीच जमीन रोज पाहावयाची आहे. म्हणून त्यांची माघार अधिक कठीण, आणि कथा म्हणून अधिक धाडसाची आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक आहे. ही माघार उदारतेची कशी? ती तर लाजेची आहे. आक्षेप खरा आहे, परंतु अर्धाच. लाजेने एवढेच घडेल की दोघे निवाडा मागण्याचे सोडून घरी जातील. तसे झाल्यास वादातील जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच राहील, आणि लाजून माघारी फिरण्याचा लाभ नेमका ताबेदाराला मिळेल. कथा येथे थांबत नाही. दोघांनीही सोडून दिले, असे ती म्हणते. ‘दोघांनीही’ या शब्दातच ताबेदार आला. लाजेने खटला संपला. जमीन सोडण्यास त्यापुढचे आणखी एक पाऊल पडले आहे, आणि उदारता म्हणावयाची ती या दुसऱ्या पावलाला.

४

हे दुसरे पाऊल कोठे पडते, हे शोधू लागल्यास कथेतील एकमेव संवादाकडे वळावे लागते. संपूर्ण कथेत कोणी बोलत असेल तर ते भांडणारे दोघे, आणि तेही एकदाच, माघारी वळताना. या उद्गाराचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यापुढे एक अडचण येते, आणि ती अडचण फार उद्बोधक आहे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ या शब्दात ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ या शब्दात तो सामावलेला असतो. ‘आम्ही शेत नांगरतो’ आणि ‘आपण शेत नांगरतो’ या दोन वाक्यांत शेत तेच असले तरी माणसे वेगळी आहेत. प्राचीन चिनी भाषेच्या या वाक्यातील सर्वनामाला हा भेद रूपाने दाखविता येत नाही. ते ‘मी’ असेही वाचता येते आणि ‘आम्ही’ असेही. अर्थ ठरतो तो ‘एकमेकांस म्हणाले’ या प्रस्तावनेवरून. मराठी अनुवादकाला मात्र संदिग्ध राहण्याची सोय नाही. ‘आम्ही ज्यासाठी भांडतो’ असे लिहिले तर ते दोघे तिसऱ्या कोणाशी बोलत आहेत असे होईल, कारण एकमेकांशी बोलताना ‘आम्ही’ म्हणणे म्हणजे समोरच्याला बाहेर ठेवणे. ‘आपण ज्यासाठी भांडतो’ असेच लिहावे लागते.

आता बांधाच्या भांडणाची नित्याची भाषा आठवावी. ‘आमचा बांध’, ‘तुमचे तास’, ‘आमच्या वडिलांच्या वेळेपासून’, ‘तुमच्या माणसांनी कोरला’ : या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांखेरीज सर्वनामच नसते. दावा चालू आहे तोवर दोघांनाही ‘आपण’ हा शब्द उच्चारता येत नाही, कारण दोघांचे मिळून काही आहे हे मान्य करणे म्हणजे दाव्याला छेद देणे होय. कथेतील दोघे ज्या क्षणी आपल्या भांडणाविषयी एकत्र बोलू लागतात, त्या क्षणी भांडण हीच त्यांची पहिली सामाईक मालमत्ता झालेली असते. जमीन सोडणे हे त्यानंतरचे कार्य आहे. मूळ चिनी वाक्यात जे केवळ प्रसंगावरून कळते ते मराठीत सर्वनामाच्या रूपाने उघड होते. अनुवादाने मूळ कृतीचे काही हरवते असे आपण नेहमी म्हणतो. येथे मूळ कृतीत झाकलेले सांध्याचे ठिकाण अनुवादाने दाखवून दिले आहे.

‘सोडून देणे’ या अर्थी कथेत वारंवार येणाऱ्या चिनी शब्दाचाही येथे थोडा विचार करावयास हवा. त्याचा उच्चार स्थूलमानाने ‘रांग’ असा होतो. मराठीतील ओळवाचक शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द ज्या अक्षराने लिहितात त्याचा एक घटक वाणीचा वाचक आहे. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या ‘श्वोवेन’ या कोशात या अक्षराचा अर्थ ‘परस्परांस दोष देणे’ असा दिला आहे. ‘माघार घेणे, पुढे करणे’ हा अर्थ हस्तवाचक घटक असलेल्या दुसऱ्या एका अक्षराचा होता, आणि ग्रंथलेखनात पहिलेच अक्षर त्यासाठी रूढ झाले, असे पुढील कोशकारांनी मानले आहे. अक्षरांच्या इतिहासावरून कथेचा अर्थ काढणे धोक्याचे असते, हे भाषाभ्यासकाने विसरू नये. सिमा छ्येनने हा श्लेष योजिला होता असे म्हणावयास आधार नाही. तथापि कथेत घडते ते असे की, चौचे नांगरणारे एक शब्दही न बोलता काठ सोडतात, आणि पाहणाऱ्यांना तो मूक दोषारोप वाटतो. माघार आणि ठपका हे दोन्ही अर्थ एका अक्षरात नांदले ते योगायोगाने असेल. कथेत ते एका कृतीत नांदतात ते योगायोगाने नव्हे.

५

आता आरंभी सांगितलेली कसोटी लावून पाहू. पुढल्या वर्षी नांगर कोणाचा?

‘शीजी’तील कथा उत्तर देत नाही. दोघांनीही सोडले, एवढेच ती सांगते. परंतु दोघांनीही सोडणे ही व्यवहारदृष्ट्या मोठी विचित्र स्थिती आहे. एकाने धरले आणि दुसऱ्याने सोडले, तर जमिनीला मालक मिळतो. दोघांनी धरले, तर खटला होतो. दोघांनी सोडले, तर जमीन बेवारस होते. परस्परांस आग्रह करणारे दोन उदार पुरुष हेही एका अर्थी वादीच असतात. त्यांचा वाद उलट्या दिशेने चालतो, इतकेच. माओ भाष्याने ही अडचण ओळखली आणि जमीन पडीक ठेवून ती सोडविली. तर्काच्या दृष्टीने हेच एकमेव समतोल उत्तर आहे, कारण कोणीही जिंकत नाही आणि कोणीही हरत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हे उत्तर असमाधानकारक आहे. दोन राजांना जमिनीची पट्टी पडीक ठेवणे परवडते. शेतकऱ्याला चांगली जमीन ओस टाकणे हे एक प्रकारचे पापच वाटते. माओ भाष्याने भांडणारे राजे केले याचे एक कारण येथे असावे असे वाटते. जे उत्तर त्याला द्यावयाचे होते ते राजांच्याच तोंडी शोभणारे होते. ‘शीजी’ने भांडणारे लोक ठेवले, आणि म्हणून त्याला उत्तर देता आले नाही.

कथेची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. ‘शीजी’त ही हकीकत ऐकून इतर सत्ताधीश काय म्हणतात, तर चौच्या अधिपतीला स्वर्गाचा आदेश मिळालेला दिसतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी सोडलेल्या जमिनीचे पीक अखेर तिसऱ्याच्या कोठारात जाते. चौ घराण्याच्या राज्यारोहणाचे समर्थन करणाऱ्या इतिहासात ही कथा आली आहे, आणि तेथे नांगरणाऱ्यांचे औदार्य हे त्यांचे स्वतःचे न राहता राजाच्या पुण्याईचा पुरावा बनते. ज्या शेतकऱ्यांनी काठ सोडला त्यांना नाव नाही, वाणी नाही, आणि त्यांनी काठ का सोडला याला कारणही नाही. दुरून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांनीच आपण त्यांना पाहतो. एका बाजूने ही कलात्मक काटकसर आहे. दुसऱ्या बाजूने ती शेतकऱ्यांविषयीची बेफिकिरी आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानण्यास अडचण नाही.

६

या मर्यादेपलीकडे जाण्यास आपल्याकडील एका शब्दाची मदत होते. शेताच्या काठासाठी या कथेत जे चिनी अक्षर आहे ते ‘शेत’ आणि ‘अर्धे’ अशा दोन घटकांचे बनले आहे. त्यातील दुसरा घटक मुख्यतः उच्चार दाखविण्यासाठी आहे हे खरे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना काठ म्हणजे शेताची वाटणी असे सहज दिसते. मराठीतील ‘बांध’ हा शब्द उलट दिशेने आला आहे. तो ‘बांधणे’ या क्रियेपासून आला. दोन शेते ज्याने अलग होतात त्याला आपण बांधून ठेवणारी वस्तू म्हणतो.

याचे कारण भातशेतीत सापडते. ठाणे खाडीकाठच्या सारसोळे, नेरूळ या पट्ट्यातील खारजमिनीचे उदाहरण घ्यावे. भाताच्या खाचरातील बांध केवळ हद्द दाखवीत नाही. तो पाणी धरतो. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरते ते बांधात पाडलेल्या वाटेने. बांध कोरून पातळ केला तर कोरणाऱ्याला एक तास जमीन मिळते, पण पहिल्या मोठ्या पावसात तो फुटला की पाणी दोघांचेही जाते. खाडीच्या बाजूचा बाहेरचा बांध तर साऱ्या शिवाराचा असतो. त्याच्या उघाडीतून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, ही राखण असते. त्याला खांड पडून उधाणाचे पाणी आत शिरले तर हद्दीच्या कोणत्या बाजूला कोण होता याला अर्थ उरत नाही. मीठ धुऊन निघण्यास पुढले काही पावसाळे जावे लागतात, आणि तोवर दोघांचीही जमीन माओ भाष्यातल्यासारखी पडीक राहते.

अशा जमिनीत बांधासाठी जागा सोडणे हे दान नसते. माओ भाष्यातील ‘कोणाचीच नसलेली’ पट्टी येथे ओस न पडता कामाला येते. दोघांनी हातभर जागा सोडली तर तिच्यावर रुंद, न फुटणारा बांध उभा राहतो; तिच्यावर नांगर कोणाचाच चालत नाही, आणि तिच्यामुळे दोघांचे पीक उभे राहते. चिनी कथेने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे, आणि त्यासाठी राजाची किंवा स्वर्गादेशाची आवश्यकता भासत नाही.

परंतु हे उत्तरही सार्वत्रिक नाही, हे नमूद केले पाहिजे. कोरडवाहू माळावर बांध पाणी धरीत नसेल तर त्याची रुंदी हा निव्वळ तोटाच. तेथे ‘दोघांनी सोडणे’ याला वेगळी रीत लागते. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेली ‘सलोखा’ योजना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी स्थिती किमान बारा वर्षे असल्यास, दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करता येतो, आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क प्रत्येकी नाममात्र एक हजार रुपये ठेवण्यात आले. येथेही कोणी जिंकत नाही. दोघेही कागदावरचे काही सोडतात व शेतातले काही राखतात, आणि मुख्य म्हणजे पुढल्या वर्षी नांगर कोणाचा हे नोंदवहीत लिहिले जाते. सोडून देणे टिकावयाचे तर ते लिहून ठेवावे लागते. प्राचीन कथेला हे ठाऊक नव्हते, किंवा ते सांगण्याची तिला गरज वाटली नाही.

सारसोळ्याच्या शिवारात आज असा दस्त करण्यासही कोणी उरलेले नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी या भागातील जमिनी संपादित झाल्या. खाचरे गेली, त्यांच्याबरोबर बांध गेले आणि बांधाची भांडणेही गेली. ‘बांध कोरणे’, ‘उघाडी’, ‘खांड’ हे शब्द तेवढे जुन्या माणसांच्या बोलण्यात ऐकू येतात. यू-रुइच्या कथेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने या शब्दांची त्यांच्या वापरासह नोंद घ्यावी असे सुचवावेसे वाटते. कोण कोणाला काय म्हणत असे, ‘आम्ही’ कोठे संपे आणि ‘आपण’ कोठे सुरू होई, बाहेरच्या बांधाला खांड पडल्यावर भांडणारी दोन घरे एकमेकांस कोणत्या सर्वनामाने हाक देत, याची माहिती चिनी ग्रंथातून मिळणार नाही. ती मिळाल्यास या कथेतील मुक्या नांगरणाऱ्यांचा काठ सोडण्यामागचा विचार काय असू शकतो, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.